काळ्या घरांमागची पांढरी पट्टी

पणजीच्या फोंताइन्हासमध्ये दोन जुन्या घरांच्या मधली रिकामी जागा बांधायची असली की घरमालक आधी रंग आणि खिडक्यांबद्दल विचारतात. मी मात्र सिटी सर्व्हेचा नकाशा पसरते आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतली सगळी घरे काळी करते. रस्ते, अंगणे, परसू पांढरे राहतात. जांबातिस्ता नोल्ली याने १७४८ साली रोमचा नकाशा असाच छापला, पण चर्चांचा आतला भाग त्याने पांढरा ठेवला, कारण तिथे लोकांचा वावर होता. म्हणून सेंट सेबास्तियनचे कपेल मीही पांढरेच सोडते.

एक काळजी घ्यावी लागते. उपग्रहाच्या चित्रावरून घरे गिरवू नयेत. त्यात भिंत दिसत नाही, कौलांची पागोळी दिसते. दोन्ही बाजूंनी पागोळी ६० सेंटिमीटर पुढे असेल, तर चार मीटरची गल्ली कागदावर २.८ मीटर होते. म्हणून टेप घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजावे.

काळे करून झाले की घरे रस्त्याला लागून, एकमेकांना भिंत लावून उभी दिसतात. पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांच्यामागची पांढरी पट्टी. प्रत्येकाचे परसू वेगळे, कुंपण वेगळे, तरी सगळी मिळून एकच मोकळी जागा होते. मागच्या खोल्यांना उजेड आणि वारा तिथूनच मिळतो.

आता समजा, आपली जागा ७ मीटर रुंद आणि २४ मीटर खोल आहे. शेजारची घरे १४ मीटर खोल आहेत आणि मागे १० मीटर परसू आहे. त्यांच्यासारखेच बांधले, तर तळमजल्याला ९८ चौरस मीटर मिळतात. दोन्ही बाजूंना एकेक मीटर सोडले, तर घर ५ मीटर रुंद उरते, आणि तेवढ्याच क्षेत्रासाठी ते १९.६ मीटर मागे न्यावे लागते. म्हणजे ते पांढऱ्या पट्टीत ५.६ मीटर घुसते. शेजारणीच्या स्वयंपाकघराचा उजेड जातो आणि बाजूच्या दोन फटींत पावसाळाभर शेवाळ धरते. मोकळी जागा दोन्ही नकाशांत सारखीच, ७० चौरस मीटर. फरक फक्त ती कुठे सोडली याचा.

हाच नियम खेड्यातल्या वाडीवर लावू नये. तिथे पांढऱ्यात सुटे काळे ठिपके असतात, चहूबाजूंनी झाडे असतात. शेजाऱ्याला भिंत लावून बांधलेले घर तिथे परके दिसेल.

आणि या नकाशाला उंची कळत नाही. दोन मजली घर आणि पत्र्याची शेड सारखीच काळी दिसतात. चढही दिसत नाही. फोंताइन्हास आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी आहे, झऱ्यांवरूनच त्याला नाव मिळाले. म्हणून मी टेकडीपासून उरेमच्या खाडीपर्यंत जमिनीचा एक उभा छेद काढते आणि पावसाचे पाणी आपल्या परसवातून कुठे उतरते ते त्यावर दाखवते. जोत्याची उंची त्यानंतर ठरते.