नफ्याच्या टक्केवारीची पडताळणी

नफ्याच्या टक्केवारीची पडताळणी : वार्षिक अहवालात, करलेखापरीक्षणाच्या अहवालात किंवा बँकेला दिलेल्या कागदपत्रांत नमूद केलेली ढोबळ, परिचालन आणि निव्वळ नफ्याची टक्केवारी, नफा-तोटा पत्रकातील महसूल व खर्चाच्या मूळ ओळींवरून पुन्हा काढून पाहण्याची रीत. हिशेब तपासनीस, पतविश्लेषक आणि समभागांचे अभ्यासक ती वापरतात. येथील विवेचन मुख्यतः भारतीय कंपन्यांच्या पत्रकांपुरते आहे.

अंकगणित भागाकाराचे आहे. अवघड असते ते अंशस्थानी आणि छेदस्थानी नेमके काय धरायचे हे ठरवणे, कारण भारतीय कंपन्यांच्या विहित पत्रकात ढोबळ नफा आणि परिचालन नफा या नावाच्या ओळीच नाहीत. कंपनी अधिनियम, २०१३ च्या अनुसूची ३ मध्ये खर्च स्वरूपानुसार मांडले जातात : वापरलेल्या मालाची किंमत, व्यापारी मालाची खरेदी, तयार व अर्धवट मालाच्या साठ्यातील बदल, कर्मचारी लाभ खर्च, वित्तीय खर्च, घसारा आणि इतर खर्च. त्यांची एकत्र बेरीज होते आणि थेट करपूर्व नफा येतो. म्हणजे निव्वळ नफा पत्रकात छापलेला सापडतो. बाकीचे दोन पडताळणाऱ्याला रचावे लागतात.

ढोबळ नफ्याची कल्पना या मांडणीहून जुनी आहे. ती व्यापार खात्यातून आली. या खात्याच्या नावे बाजूस आरंभीचा साठा, खरेदी व प्रत्यक्ष खर्च आणि जमा बाजूस विक्री व अखेरचा साठा मांडला की उरणारी शिल्लक म्हणजे ढोबळ नफा. प्रत्यक्ष खर्च कोणते, याविषयी मात्र पहिल्यापासून एकवाक्यता नाही. पाठ्यपुस्तकांत एक संकेत रूढ आहे : तेरजेत ‘मजुरी व पगार’ अशी नोंद असेल तर ती व्यापार खात्यात न्यावी आणि ‘पगार व मजुरी’ अशी असेल तर नफा-तोटा खात्यात. केवळ शब्दांच्या क्रमावर ढोबळ नफा बदलावा, ही गोष्ट प्रत्यक्ष खर्चाची सीमारेषा किती पुसट आहे ते दाखवते. आज दोन अर्थ शेजारी शेजारी वापरले जातात. बाजार-विश्लेषकांचा ढोबळ नफा म्हणजे महसुलातून फक्त मालाची किंमत वजा केलेली रक्कम. परिव्यय लेखापालांचा ढोबळ नफा म्हणजे त्यातून कारखान्याची मजुरी, वीज व यंत्रांचा घसाराही वजा केलेली रक्कम. दुसरा अर्थ अधिक काटेकोर आहे. परंतु बाहेरच्या वाचकाला कर्मचारी खर्चाची कारखाना आणि कचेरी अशी फोड बहुधा मिळत नाही, म्हणून प्रसिद्ध पत्रकांवरून पडताळणी करताना पहिला अर्थ स्वीकारणे आणि तसे नमूद करणे इष्ट ठरते.

परिचालन नफ्याची स्थितीही अशीच आहे. घसाऱ्यापूर्वीचा आणि घसाऱ्यानंतरचा असे त्याचे दोन प्रकार सर्रास एकाच नावाने वावरतात. आंतरराष्ट्रीय लेखामानक १ मध्ये या नफ्याची व्याख्या नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू असलेल्या आयएफआरएस १८ या मानकाने परिचालन नफा ही पत्रकातील सक्तीची मधली बेरीज ठरवली आहे.

पडताळणीचा क्रम एका काल्पनिक मसाला उत्पादक कंपनीवरून स्पष्ट होईल. सर्व आकडे लाख रुपयांत आहेत. कामकाजातून महसूल १,००० आणि इतर उत्पन्न, म्हणजे मुदत ठेवींवरील व्याज, २०. वापरलेल्या मालाची किंमत ५६०, व्यापारी मालाची खरेदी ६०, साठ्यातील बदल उणे २०, कर्मचारी खर्च १२०, इतर खर्च १५०, घसारा ४० आणि वित्तीय खर्च ३०. आधी बेरीज जुळवून घ्यावी. खर्च ९४०, एकूण उत्पन्न १,०२०, म्हणून करपूर्व नफा ८०. कर २० वजा जाता निव्वळ नफा ६०.

मालाची किंमत ५६० अधिक ६० उणे २०, म्हणजे ६००. ढोबळ नफा ४००, अर्थात ४० टक्के. येथे सर्वाधिक चूक होते ती साठ्यातील बदलाच्या चिन्हाची. वर्षअखेरीस साठा वाढला असेल तर ती वाढ खर्चातून वजा होते, म्हणून आकडा कंसात किंवा उणे चिन्हासह छापलेला असतो. कोष्टक नव्याने टंकताना कंस गळतो आणि २० ची रक्कम वजा होण्याऐवजी मिळवली जाते. मालाची किंमत ६४० होते आणि ढोबळ नफा ३६ टक्क्यांवर येतो. ही चूक ओळखण्याची खूण अशी की नफ्यातील फरक साठ्यातील बदलाच्या नेमका दुप्पट, येथे ४०, भरतो. फरक दुपटीइतका आला तर इतरत्र शोधण्याआधी चिन्ह पाहावे.

आता या कंपनीच्या अहवालात परिचालन नफा १५ टक्के असल्याचे लिहिले आहे असे समजू. महसुलातून माल, कर्मचारी आणि इतर खर्च वजा केले की १३० उरतात, म्हणजे १३ टक्के. घसाराही वजा केला तर ९ टक्के. दोन्ही आकडे दिलेल्या आकड्याशी जुळत नाहीत. १,००० वर १५ टक्के म्हणजे १५०, आणि १५० व १३० मधील फरक २० हा इतर उत्पन्नाएवढाच आहे. तेव्हा ठेवींवरचे व्याज अंशात धरले, पण छेदात १,०२० ऐवजी १,००० च ठेवले, असा निष्कर्ष निघतो. छेदही बदलला असता तर १४.७ टक्के आले असते. न जुळणाऱ्या टक्केवारीला छेदाने गुणून तिची रक्कम करावी आणि फरकाएवढी ओळ पत्रकात शोधावी, हीच या कामातील सर्वांत उपयोगी सवय आहे, कारण नुसत्या टक्क्यांकडे पाहून कोणती ओळ आत आली आणि कोणती सुटली हे कळत नाही. शेवटी खालून वर जावे : निव्वळ ६० मध्ये कर २० व वित्तीय खर्च ३० मिळवून इतर उत्पन्न २० वजा केले की घसाऱ्यानंतरचा परिचालन नफा ९० मिळाला पाहिजे. अपवादात्मक बाबी असल्यास त्याही या चढणीत मोजाव्या लागतात.

निव्वळ नफ्याचे प्रमाण ६ टक्के. हे प्रमाण कंपन्यांना आता स्वतःच जाहीर करावे लागते. २४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने अनुसूची ३ मध्ये काही गुणोत्तरे सक्तीची झाली, त्यांत निव्वळ नफा गुणोत्तर आहे. मागील वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक बदल झाल्यास खुलासाही द्यावा लागतो. हा बदल टक्केबिंदूंत नव्हे, तर गुणोत्तराच्या प्रमाणात मोजायचा असतो. ६ वरून ४.४ वर आलेले गुणोत्तर १.६ बिंदूंनीच घसरते, पण ती घसरण जवळपास २७ टक्क्यांची असल्याने खुलासा आवश्यक ठरतो. सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमांनुसार व्यवस्थापनाच्या विवेचनात परिचालन नफ्याच्या प्रमाणातील अशा मोठ्या बदलाचाही तपशील द्यावा लागतो. १९६१ च्या आयकर कायद्याखालील करलेखापरीक्षणाच्या ३सीडी नमुन्यात ढोबळ व निव्वळ नफ्याचे उलाढालीशी प्रमाण दोन वर्षांसाठी मागितले जाई. तेथे निव्वळ नफा करपूर्व धरण्याचा प्रघात आहे, त्यामुळे एकाच कंपनीची दोन ‘निव्वळ’ प्रमाणे भिन्न दिसली तर ती चूकच असेल असे नाही.

छेदाचा प्रश्न २०१७ च्या आसपासच्या वर्षांत विशेष जाणवतो. इंड एएस ही भारतीय लेखामानके लागू असलेल्या उत्पादक कंपन्या ३० जून २०१७ पर्यंत उत्पादन शुल्क महसुलात धरून खर्चाच्या बाजूस स्वतंत्र ओळीत दाखवत; १ जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर महसुलात धरला जात नाही. शंभर रुपयांच्या मालावर १२.५ रुपये शुल्क आणि १० रुपये नफा असेल, तर जुन्या मांडणीत प्रमाण ८.९ टक्के आणि नव्या मांडणीत १० टक्के येते. धंद्यात काहीही बदललेले नसते. २०१७-१८ हे वर्ष त्यातही मिश्र आहे, कारण त्याची पहिली तिमाही एका पद्धतीने आणि उरलेले नऊ महिने दुसऱ्या पद्धतीने मांडलेले आहेत. तुलना करण्यापूर्वी जुन्या महसुलातून शुल्काची ओळ वजा करणे हाच त्यावर उपाय आहे.

फेरगणनेची मर्यादा माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या हिशेब-फसवणुकीच्या प्रकरणात स्पष्ट दिसते. अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रानुसार, सप्टेंबर २००८ ला संपलेल्या तिमाहीत २,७०० कोटी रुपये महसूल आणि ६४९ कोटी, म्हणजे २४ टक्के, परिचालन नफा जाहीर झाला होता. प्रत्यक्षात महसूल २,११२ कोटी आणि नफा ६१ कोटी, म्हणजे ३ टक्के, होता. ६४९ ला २,७०० ने भागले असता २४.० टक्केच येतात. जाहीर पत्रकावरून कोणीही ही टक्केवारी पुन्हा काढली असती तरी ती जुळलीच असती.

पत्रातील दोन्ही जोड्या शेजारी ठेवल्या की खरी गोष्ट दिसते. महसुलातील फरक ५८८ कोटी, आणि नफ्यातील फरकही ५८८ कोटी. दोन्ही बाजूंनी खर्च २,०५१ कोटीच निघतो. म्हणजे कल्पित महसुलामागे एका रुपयाचाही खर्च दाखवलेला नव्हता. तो जसाच्या तसा नफ्यात उतरला आणि, त्याच पत्रातील कबुलीप्रमाणे, त्या तिमाहीत रोख व बँक शिल्लक ५८८ कोटींनी फुगली. खोट्या महसुलाचा माग म्हणूनच टक्केवारीच्या ओळींत लागत नाही, तो ताळेबंदातील बँक शिल्लक बँकेकडून स्वतंत्रपणे खातरजमा करून घेतल्यावर लागतो. पत्रातील ३ टक्के हा आकडाही सर्वांनी स्वीकारलेला नाही. त्या काळी याच क्षेत्रातील मोठ्या भारतीय कंपन्यांचे परिचालन प्रमाण याच्या कितीतरी पट असल्याने, खरा नफा एवढा अल्प नसून पैसा बाहेर वळवला गेला असावा, असे मत अनेक जाणकारांनी मांडले. तुलनेच्या आधारावर ते अधिक संभाव्य वाटते. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये राजू यांना दोषी ठरवले.