घसा धरला की काढा: मध, आलं आणि लवंग नेमकं काय करतात

थंडी पडली, गुऱ्हाळं धडाडू लागली की कोल्हापूरच्या घराघरांत सकाळी एकच तक्रार ऐकू येते: घसा धरलाय, गिळताना टोचतंय. बहुतेक वेळा याचं कारण विषाणू असतो आणि आठवडाभरात तो आपोआप जातो. काढ्यानं विषाणू मरत नाही. काढा मधल्या दिवसांतली वेदना कमी करतो, आणि तेही काही कमी नाही.

मोठ्या माणसासाठी एक कप पाणी घ्या. त्यात बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून घाला, दोन लवंगा चेचून टाका आणि झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा. झाकण विसरू नका, कारण लवंगेचं युजेनॉल वाफेबरोबर उडून जातं आणि त्याचाच तर उपयोग असतो. दातांचे डॉक्टर बधिरपणा आणण्यासाठी वापरतात तेच हे द्रव्य. आल्यातलं जिंजेरॉल जिभेवरच्या उष्णता जाणवणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं. त्यामुळे ऊब वाटते, लाळ सुटते आणि कोरडा घसा ओलावतो. सुंठीत जिंजेरॉलचं रूपांतर जास्त तिखट शोगाओलमध्ये झालेलं असतं, म्हणून सुंठ वापरायची तर पाव चमचाच पुरे.

मधाच्या बाबतीत मात्र एक चूक घरोघरी होते. भुदरगडातल्या पाटगावचा अस्सल मध आणायचा आणि मोठ्या पेल्यातल्या पाण्यात विरघळवून टाकायचा! मधाचा खरा गुण त्याच्या दाटपणात आहे. तो सुजलेल्या अस्तरावर थर धरतो आणि खोकल्याची उबळ शांत करतो. पाण्यात मिसळला की तो थर राहत नाही. म्हणून काढा कोमट करून घोट घोट प्या, मग एक चमचा मध नुसता चाटा आणि पंधरा मिनिटं पाणी पिऊ नका. रात्री झोपताना याचा फायदा जास्त जाणवतो. काढा चटके बसतील इतका गरम पिऊ नका, आधीच सोललेल्या अस्तराला तो भाजतो. लवंगा पाच-सहा टाकल्या म्हणून गुण वाढत नाही. उलट तोंड चरचरतं आणि पोटात जळजळते.

एक वर्षाखालच्या बाळाला मध बोटावर घेऊनही चाटवू नका. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, आणि घरच्या उकळण्यानं ते मरत नाहीत. लवंगेचं तेल मुलांना पाजू नये. चमचाभर तेलानंही यकृताला इजा होऊन झटके आल्याची उदाहरणं आहेत. मधुमेह असेल तर चमचाभर मधात पाच-सहा ग्रॅम साखर आहे, ती हिशेबात धरा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर रोजचा आल्याचा काढा डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आता एक उदाहरण घेऊ. नऊ वर्षांच्या मुलीचा घसा सोमवारी दुपारी अचानक दुखू लागला, संध्याकाळी १०२ फॅरनहाइट ताप, डोकं आणि पोट दुखतंय. सर्दी नाही, खोकला नाही. टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी लागतात. काढ्यानं तासभर बरं वाटेल, पण इथे थांबू नये. सर्दी-खोकला नसणं हीच खरी खूण आहे, कारण विषाणूच्या दुखण्यात नाक वाहतं, आवाज बसतो. हे स्ट्रेप्टोकोकस जंतूचं दुखणं असू शकतं. त्याकडे दुर्लक्ष झालं तर दोन ते चार आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, आणि याचा धोका पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना सर्वाधिक असतो. डॉक्टर घशातला नमुना तपासतात. जंतू सापडला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सहसा दहा दिवस द्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी मुलगी खेळायला लागते आणि गोळ्या बंद होतात, ती चूक नको. कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या तर नकोतच.

काही लक्षणांत मात्र सकाळची वाटही बघू नये. लाळ गिळता येत नाही, तोंडातून ओघळते. तोंड पुरतं उघडत नाही. घास धरून बोलल्यासारखा आवाज येतो, श्वास घेताना घरघरतं, मान एका बाजूला सुजते किंवा घशात करडा पापुद्रा दिसतो. यातलं काहीही दिसलं तर थेट कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात जा. लाळ गाळणाऱ्या मुलाच्या तोंडात चमचा घालून घसा बघू नका, श्वास अडकू शकतो. त्याला आडवंही झोपवू नका, बसलेलंच न्या.

तंबाखू किंवा मिश्रीची सवय असलेल्याचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, किंवा मानेत न दुखणारी गाठ लागत असेल, तर कितीही काढे झाले असले तरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरयंत्र तपासून घ्यावं.