गोळी दुप्पट केली, मग असर दुप्पट का होत नाही?

फार्माकॉलॉजी आपल्याकडे एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असते, पण पहिल्या वर्षी फिजिऑलॉजीत किडनी चालू असतानाच सीनियरच्या स्लाइड हातात पडतात. त्यातल्या दोन सगळ्यांना काढता येतात: डोस-रिस्पॉन्स कर्व्ह आणि हाफ-लाइफचा उतार. दोन्ही वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, म्हणून त्यांचं एकमेकींशी काही नातं आहे हे लक्षातच येत नाही. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड घेतलं की ते नातं लगेच दिसतं.

आधी कर्व्ह. तिचा आडवा अक्ष नीट बघा. १०, २०, ४०, ८०, १६० हे आकडे तिथे सारख्याच अंतरावर आहेत, म्हणजे प्रत्येक पावलाला डोस दुप्पट होतो. हा लॉगचा अक्ष. डाव्या टोकाला रेघ जवळजवळ सपाट असते, कारण तेवढ्या औषधाने लघवी फारशी वाढतच नाही. मग ती चढते आणि वर जाऊन पुन्हा आडवी होते. नेफ्रॉनच्या हेन्ले लूपमधला जो वाहक मीठ परत रक्तात ओढून घेतो, त्याला फ्युरोसेमाइड अडवतं. सगळे वाहक अडले की आणखी अडवायला काही उरत नाही. किडनी धडधाकट असेल तर शिरेतून दिलेलं ४० मिलिग्रॅमच या माथ्याच्या आसपास पोचवतं. (ब्युमेटानाइड १ मिलिग्रॅममध्ये तेच काम करतं. पण त्याची रेघ फक्त डावीकडे सरकलेली असते, उंच नसते. तोंडी परीक्षेत नेमकी इथेच गल्लत होते.)

आता दुसरी स्लाइड. फ्युरोसेमाइडचं हाफ-लाइफ साधारण दीड तास. समजा, शिरेतून ४० मिलिग्रॅम दिलं आणि एका रुग्णात असर टिकायला शरीरात किमान १० मिलिग्रॅम उरलेलं असावं लागतं. हा १० चा आकडा हिशेबापुरता. दीड तासाने २० उरलं, तीन तासांनी १०. असर तीन तास टिकला. आता ८० द्या. दीड तासाने तेच ४० उरतात, म्हणजे मघाशी जिथून सुरुवात केली तिथेच आपण आलो. असर टिकला साडेचार तास. १६० दिलं तर सहा तास. डोस चौपट झाला आणि मिळाले फक्त तीन तास जास्त. कर्व्हवर दुप्पट डोस म्हणजे उजवीकडे एक पाऊल आणि उतारावर दुप्पट डोस म्हणजे एक हाफ-लाइफ जास्त. दोन्हीकडे लॉगच आहे.

वॉर्डात याचं काय होतं ते बघू. पाय सुजलेले दोन रुग्ण आहेत, दोघेही सकाळी ४० मिलिग्रॅमची गोळी घेतात आणि दोघांचीही सूज तशीच. कागदावर तक्रार एकच. पण अनुभवी डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतात, "गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत लघवीला जास्त जावं लागतं का?"

पहिले आजोबा म्हणतात, "छे, काही फरकच नाही." त्यांची किडनी कमकुवत आहे. फ्युरोसेमाइड रक्तातून नलिकेच्या आत सोडलं गेलं तरच काम करतं, आणि इथे आत पोचणारं औषधच कमी पडतं. शिवाय गोळीतलं सरासरी निम्मंच रक्तात उतरतं. त्यांची कर्व्ह उजवीकडे सरकली आहे आणि ४० चा डोस तिच्या सपाट पायथ्याशी पडतो. तीच गोळी दिवसातून दोनदा दिली तर पायथ्यावरच दोनदा उभं राहणं झालं. इथे एका वेळचाच डोस वाढवावा लागतो. अर्थात त्यालाही हद्द आहे. फार मोठा डोस शिरेतून भराभर दिला तर ऐकू येण्यावर परिणाम होऊ शकतो.

दुसऱ्या आजी म्हणतात, "अहो, दुपारपर्यंत नुसत्या चकरा! संध्याकाळी मात्र काही नाही." इथे डोस पायथ्याच्या वर पोचतोय, पण उतार लवकर संपतोय. औषध ओसरल्यावर किडनी गेलेलं मीठ भरून काढायला लागते, आणि उरलेल्या दिवसात सकाळची कमाई बुडते. यांना तोच डोस दुपारी पुन्हा द्यायचा.

इथे स्लाइडवरची तिसरी ओळ, 'पाच हाफ-लाइफनंतर स्टेडी स्टेट', लावायला जाऊ नका. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवलं तरी मध्ये चार हाफ-लाइफ जातात आणि आधीच्या डोसाचा सोळावा हिस्साच उरतो. औषध साठतच नाही. ती ओळ डिगॉक्सिनसारख्या औषधाची. त्याचं हाफ-लाइफ किडनी चांगली असताना दीड दिवसाच्या आसपास असतं, म्हणून पातळी स्थिरावायला आठवडा लागतो.

आजींना आणखी एक प्रश्न विचारायचा राहिला: रात्रीच्या जेवणात पापड-लोणचं किती असतं?