पार्किंग वाटपाची नोटीस आणि वेटिंग लिस्ट: तक्ता कसा वाचायचा, अर्ज कसा द्यायचा

सोसायटीच्या बोर्डावर पार्किंग वाटपाची नोटीस लागली की सगळे आधी स्वतःचा फ्लॅट नंबर शोधतात, नाव दिसलं तर खूश आणि नाही दिसलं तर थेट सेक्रेटरीला फोन, पण तक्त्यातले बाकीचे कॉलम कोणी नीट वाचतच नाही. खरी माहिती तर तिथेच असते. त्यातही सगळ्यात जास्त वाद एकाच गोष्टीवरून होतो, ती म्हणजे वेटिंगला पहिला नंबर माझा असताना जागा दुसऱ्या नंबरला कशी काय गेली. म्हणून एक तक्ता समोर ठेवूनच बोलू. फ्लॅट नंबर नमुन्यासाठी घेतलेत.

| स्लॉट | माप (मीटर) | फ्लॅट | वाहन | शेरा |
|---|---|---|---|---|
| १२ | २.५ × ५ | ए-१०३ | चारचाकी मोठी | चालू |
| १३ | २.३ × ४.५ | – | – | रिकामा |
| १४ | २.५ × ५ | बी-४०१ | चारचाकी छोटी | दुसरी गाडी, मुदतीपुरती |
| दु-६ | १ × २ | सी-१०२ | दुचाकी | चालू |

आणि खाली चारचाकीची वेटिंग लिस्ट:

| क्रम | फ्लॅट | गाडी | गाडीची लांबी |
|---|---|---|---|
| १ | ए-३०२ | मोठी | ४.६ मीटर |
| २ | बी-२०४ | छोटी | ३.८ मीटर |
| ३ | सी-१०२ | छोटी | ४ मीटर |

स्लॉट १३ रिकामा झाला आणि कमिटीने तो बी-२०४ ला दिला. ए-३०२ वाल्यांना राग येणं साहजिक आहे, पण माप बघा, स्लॉटची लांबी साडेचार मीटर आणि त्यांची गाडी ४.६ मीटर, म्हणजे गाडी लावली तरी मागचा बंपर दहा सेंटीमीटर ड्राइव्हवेमध्ये येणार आणि समोरचा माणूस वळवताना तिथेच घासणार. त्यामुळे ती जागा पुढच्या बसणाऱ्या गाडीला दिली हे बरोबरच आहे, फक्त एक अट पाळायला हवी की ए-३०२ चा पहिला क्रम तसाच राहिला पाहिजे. काही ठिकाणी "तुम्हाला जागा चालली नाही" असं म्हणून नंबर सरळ शेवटी टाकतात, ते चुकीचं आहे, कारण त्यांनी जागा नाकारलेलीच नाही, ती त्यांच्या गाडीला पुरतच नव्हती. ऑफर लेखी आली असेल तर "जागा मापात बसत नसल्याने क्रम कायम ठेवावा" एवढं एक वाक्य लेखीच उत्तरात द्या आणि पोच घ्या.

आता स्लॉट १४ चा शेरा वाचा, कारण ए-३०२ चं उत्तर तिथे आहे. मोठा स्लॉट आहे, त्यात बी-४०१ ची दुसरी गाडी उभी आहे आणि ती फक्त मुदतीपुरती. दुसऱ्या गाडीला जागा द्यायची ती जागा शिल्लक असेल तेव्हाच, आणि एकही स्लॉट नसलेलं घर रांगेत उभं असेल तर मुदत वाढवायची नाही, असाच नियम बहुतेक सोसायट्या ठेवतात आणि तो न्यायाचाही आहे. म्हणजे मुदत संपली की १४ नंबर ए-३०२ ला मिळायला हवा. पण हे आपोआप होईल असं धरून बसू नका, मुदत संपायच्या आधी महिनाभर अर्ज द्या, त्यात स्लॉट नंबर, आपला वेटिंग क्रम आणि शेऱ्यातले शब्द जसेच्या तसे लिहा. बी-४०१ ची पहिली गाडी जिथे असेल तिथे राहते, फक्त दुसरीला हलावं लागतं, हे त्यांनाही आधी कळवलं तर निम्मं भांडण टळतं.

सी-१०२ दोन्ही तक्त्यांत आहे हे पण लक्षात आलं असेल. दुचाकीचा स्लॉट असला म्हणून चारचाकीच्या रांगेतून बाद होत नाही, दोन्ही याद्या वेगळ्या असतात. दुचाकीची जागा सोडून चारचाकीची मागायची असेल तरी नवीन अर्ज लागतो, आणि क्रम त्या नवीन अर्जाच्या तारखेपासून धरतात, जुन्या दुचाकीच्या अर्जाच्या तारखेपासून नाही.

पात्रता कशी बघतात? आधी तुम्ही त्या फ्लॅटमध्ये खरंच राहता का, मग गाडी तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या नावावर आहे का, आणि मेंटेनन्स थकलेला नाही ना. भाडेकरू असाल तर मालकाचं संमतीपत्र लागतं, कारण जागा फ्लॅटच्या खात्यावर नोंदवली जाते. कंपनीची गाडी असेल तर ती तुम्हाला वापरायला दिल्याचं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र चालतं. अर्जासोबत आरसीची कॉपी, चालू इन्शुरन्सची कॉपी, भाडेकरूंसाठी करारनाम्याची कॉपी, आणि गाडीची लांबी-रुंदी, जी कंपनीच्या माहितीपत्रकात मिळते. ही शेवटची गोष्ट कोणी मागत नाही तरी तुम्ही द्या, कारण "मोठी" आणि "छोटी" हे शब्द तक्त्यात कोणीतरी अंदाजाने टाकलेले असतात आणि चार मीटरची गाडी चुकून मोठ्यात टाकली की तुम्ही छोट्या स्लॉटच्या रांगेतून गायब होता.

नवी गाडी बुक केलीय पण हातात आली नाहीये, तर बुकिंगच्या पावतीवर नाव घेतात का ते आधी विचारा. घेत असतील तर गाडी आल्यावर आरसी द्यायची मुदत किती तेही विचारून ठेवा, ती चुकली की नाव कटतं आणि मग तारीख नव्याने सुरू होते.

क्रम ठरतो तो पूर्ण अर्ज पोचल्याच्या तारखेवरून, सगळी कागदं असतील तरच. त्यामुळे पोचेवर तारीख, वेळ आणि अनुक्रमांक असलाच पाहिजे, नुसती सही आणि शिक्का घेऊन घरी येऊ नका. सेक्रेटरीला मेसेज केला होता, वॉचमनकडे दिला होता, हे नंतर काही कामाचं नाही. एकाच दिवशी दोन पूर्ण अर्ज आले आणि वेळ लिहिलेली नसेल तर दोघांसमोर चिठ्ठी काढावी, आणि निकाल रजिस्टरमध्ये लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

फ्लॅट विकला तर काय, हा प्रश्न नेहमी येतो. स्लॉट किंवा वेटिंग नंबर नवीन मालकाला आपोआप मिळतो असं सोसायटीच्या ठरावात लिहिलेलं असेल तरच ते धरा, नाहीतर खरेदी करणाऱ्याने "पार्किंगसह" हे शब्द बघून पैसे मोजू नयेत, आधी सोसायटीकडून लेखी उत्तर घ्यावं.

हरकत घ्यायची असेल तर नोटिशीवर दिलेल्या मुदतीतच घ्या. नोटीस लागल्या दिवशी तिचा फोटो काढा, तारीख आणि सही दिसेल असा, कारण सुधारित तक्ता लागला की जुना कागद काढून टाकतात आणि तुमचा क्रम दोनवरून चारवर कधी गेला हे दाखवायला दुसरं काही उरत नाही. अर्जात तक्रार मोघम नको, "वेटिंग क्रम १, स्लॉट १४, शेरा मुदतीपुरती, मुदत संपल्यावर वाटप मिळावं" असं लिहिलं की कमिटीला त्यावर हो किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागतं, आणि नाही म्हणाले तर कारण लेखी मागा.