मूल्यप्रवाह आरेखन

मूल्यप्रवाह आरेखन : ग्राहकाची ऑर्डर आल्यापासून माल त्याच्या हाती पडेपर्यंत कागद आणि माल कोणत्या वाटेने जातात, कोठे थांबतात व किती दिवस थांबतात, हे एकाच कागदावर मांडण्याची उत्पादन अभियांत्रिकीतील पद्धत. कारखान्यांत ती व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंग किंवा नुसती व्हीएसएम या नावाने परिचित आहे. प्रक्रियेच्या साध्या आराखड्यात कामांचा क्रम दिसतो. या आरेखनात त्याबरोबरच दोन कामांमध्ये साचलेला माल आणि कोणते काम केव्हा सुरू करायचे हे ठरवणारी माहिती यांनाही जागा असते. प्रस्तुत नोंदीत मागणीनुसार माल बनवणाऱ्या कारखान्यातील ‘ऑर्डर ते डिलिव्हरी’ या टप्प्यांपुरता विचार केला आहे.

उगम : ही पद्धत टोयोटा कंपनीत जन्मली असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. टोयोटामध्ये ‘माल व माहिती प्रवाह’ दाखवणारी चित्रे काढली जात. ताइची ओनो यांच्या देखरेखीखालील सल्लागार विभागातील तज्ज्ञ पुरवठादारांच्या कारखान्यांत सुधारणा करताना ती वापरत. मात्र ती जाणकारांची कामचलाऊ रेखाटने होती, कामगारांना शिकवायची ठरीव पद्धत नव्हती. त्यांना चिन्हे, नियम आणि पायऱ्या देऊन सर्वांसाठी खुले केले ते माइक रोथर व जॉन शूक यांनी, ‘लर्निंग टू सी’ या १९९८ च्या पुस्तिकेत. शूक यांनी स्वतः टोयोटात काम केलेले असल्याने त्यांची साक्ष महत्त्वाची ठरते.

दुसरे मत हा उगम आणखी मागे नेते. चार्ल्स नेपेल यांच्या विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील कार्यक्षमताविषयक ग्रंथात माल व माहिती यांचे प्रवाह दाखवणाऱ्या आकृत्या आढळतात. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ यांनी १९२१ मध्ये अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रिया-तक्त्याची पद्धत मांडली, तीत थांबा आणि साठवण यांना स्वतंत्र चिन्हे मिळण्याची परंपरा सुरू झाली. परंतु आकृत्यांतील साम्यावरून वंशावळ सिद्ध होत नाही. नेपेल यांच्या आकृत्यांतून टोयोटाने काही घेतल्याचा थेट दुवा पुढे आलेला नाही. त्यामुळे प्रक्रिया-तक्ता हा दूरचा पूर्वज आणि टोयोटाची रेखाटने ही जवळची जननी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

नावाचा प्रश्न वेगळा आहे. ‘व्हॅल्यू स्ट्रीम’ हा शब्दप्रयोग जेम्स वोमॅक व डॅनियल जोन्स यांच्या १९९६ च्या ग्रंथामुळे रूढ झाला. जेम्स मार्टिन यांनी साधारण त्याच सुमारास तो कार्यालयीन कामकाजाच्या संदर्भात वापरला होता. १९९७ मध्ये पीटर हाइन्स व निक रिच यांनी मूल्यप्रवाह आरेखनाची ‘सात साधने’ मांडली. नाव तेच असले, तरी ती निरनिराळ्या विश्लेषण-तंत्रांची निवड आहे, रोथर-शूक यांचा नकाशा नव्हे. संदर्भलेखनात या दोहोंची गल्लत वारंवार होते. कार्यालयीन कामासाठी या नकाशाचे सविस्तर रूप बो काइट व ड्रू लोकर यांनी २००४ मध्ये दिले. भारतात लघुउद्योगांसाठीच्या केंद्र शासनाच्या लीन म्हणजे अपव्यय टाळणाऱ्या उत्पादनाच्या योजनेत या तंत्राचा समावेश आहे.

आरेखनाची रीत : प्रथम एक उत्पादनगट निवडतात, म्हणजे शेवटच्या टप्प्यांत ज्यांची वाट सारखी असते असा माल. नंतर पथक पेन्सिल आणि ए-थ्री आकाराचा कागद घेऊन डिस्पॅचपासून उलटे चालत येते. उलट दिशा मुद्दाम घेतात, कारण ग्राहकाच्या मागणीचा वेग आधी ठाऊक असावा लागतो. प्रत्येक कामासाठी चौकट, तिच्याखाली त्या कामाची माहिती, दोन कामांमधल्या साठ्यासाठी त्रिकोण आणि तळाशी पायऱ्यांची वेळरेषा अशी मांडणी असते. हाताने दिलेल्या माहितीचा बाण सरळ, तर संगणकावरून गेलेल्या माहितीचा नागमोडी काढतात. वेळ प्रत्यक्ष जागेवर मोजायचा असतो. संगणक प्रणालीतील तारखा कामाच्या असल्या, तरी त्या नोंद केल्याच्या तारखा असतात. ग्राहकाची खरेदी ऑर्डर म्हणजे पीओ विक्री प्रतिनिधीच्या मेलमध्ये तीन दिवस पडून राहिली, तर प्रणालीला त्याचा पत्ताही नसतो.

साठ्याचे दिवस : त्रिकोणातील नग दिवसांत कसे बदलायचे, यावर बराच काथ्याकूट झालेला आहे. प्रचलित नियम असा की, साठा भागिले दररोजची मागणी म्हणजे थांब्याचे दिवस. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम या भागाकाराच्या मुळाशी आहे : व्यवस्थेतील सरासरी संख्या म्हणजे येण्याचा सरासरी दर गुणिले आत घालवलेला सरासरी वेळ. नवखी पथके अनेकदा मागणीऐवजी पुढच्या यंत्राच्या वेगाने भाग देतात. वेगवान यंत्रापुढचा ढीग मग कागदावर काही तासांचा होतो. प्रत्यक्षात तो ग्राहकाच्या मागणीच्या वेगानेच ओसरतो. लिटलचा नियम दीर्घकालीन सरासरीला लागू आहे, याचाही विसर पडतो. महिनाअखेरीला डिस्पॅचची झुंबड उडणाऱ्या कारखान्यात तीन तारखेला केलेली मोजणी आणि अठ्ठावीसला केलेली मोजणी यांतून दोन निराळे नकाशे निघतील. म्हणून नकाशातील एकूण दिवस पूर्ण झालेल्या वीसेक ऑर्डरींशी ताडून पाहावेत. पीओ हाती पडल्याची तारीख आणि बिल्टीची तारीख यांतील अंतर नकाशाशी जुळत नसेल, तर एखादा साठा मोजायचा राहिला आहे असे समजावे. बहुधा तो कार्यालयात सापडतो.

नमुना : मागणीनुसार हायड्रॉलिक सिलिंडर बनवणारा एक कल्पित कारखाना घेऊ. दिवसाला सरासरी १२ ऑर्डरी येतात, प्रत्येक ऑर्डर एका नगाची, आणि कामाचा दिवस आठ तासांचा. पाहणीत पुढील चित्र मिळाले.

| टप्पा | आधी साचलेल्या ऑर्डरी | थांबा (दिवस) | प्रत्यक्ष काम (मिनिटे) |
|---|---|---|---|
| ऑर्डर नोंदणी | ३० | २.५ | १५ |
| ड्रॉइंग तपासणी | ६६ | ५.५ | ४० |
| वर्क ऑर्डर काढणे | ३० | २.५ | १० |
| टर्निंग व होनिंग | ४८ | ४ | ७० |
| वेल्डिंग | २४ | २ | ३५ |
| जुळणी व चाचणी | ३६ | ३ | ५० |
| पॅकिंग व डिस्पॅच | १८ | १.५ | २० |

एकूण २५२ ऑर्डरी आत आहेत आणि थांबा २१ दिवसांचा आहे. काम मात्र चार तासांचे. थांब्यातले निम्मे, म्हणजे साडेदहा दिवस, लोखंडाला हात लागण्यापूर्वीच सरतात. टर्निंगचा वेळ निम्म्यावर आणला, तरी या २१ दिवसांतून थेट ३५ मिनिटेच वजा होतील. ते यंत्रच अडचणीची जागा असेल, तर गोष्ट वेगळी.

ड्रॉइंग तपासणीकडे नीट पाहावे लागते. तेथे दोन अभियंते आहेत. १२ ऑर्डरींचे काम ४८० मिनिटांचे आणि त्यांच्याकडे दोघांचे मिळून ९६० मिनिटे आहेत. माणसे कमी नाहीत, मग ६६ ऑर्डरी का तुंबतात? प्रत्येक ऑर्डरवरील तारखा मांडल्यावर दोन वेगळे गट दिसतात. शंभरांपैकी ६० ऑर्डरी पूर्ण माहितीसह येतात आणि दीड दिवस थांबतात. उरलेल्या ४० मध्ये स्ट्रोक, माउंटिंग किंवा रॉडच्या टोकाचा आटा यांपैकी काहीतरी लिहिलेले नसते. त्या ग्राहकाकडे परत जातात आणि साडेअकरा दिवस अडकतात. दोन्हींची भारित सरासरी साडेपाच दिवस येते, पण साडेपाच दिवस थांबणारी ऑर्डर शोधून सापडणार नाही. अशा ठिकाणी चौकटीत आणखी एक आकडा लिहितात : मागच्या विभागाकडून आलेल्या कामापैकी काहीही न विचारता वापरता येते असे किती टक्के. येथे तो ६० आहे. हा आकडा माहिती पाठवणाऱ्याला न विचारता ती घेणाऱ्याला विचारायचा असतो. पाठवणाऱ्याच्या मते तो नेहमी शंभराजवळ असतो.

वर्क ऑर्डरचे अडीच दिवस तर निव्वळ वेळापत्रकाचे आहेत. त्या आठवड्यातून एकदा, सोमवारी निघतात. पाच दिवसांच्या आठवड्यात आलेल्या ऑर्डरला सरासरी अर्धा आठवडा थांबावेच लागते, नियोजनकाराने कितीही घाई केली तरी.

भावी स्थितीच्या नकाशात दोन बदल धरू. आवश्यक मोजमापे भरल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकू न देणारा फॉर्म आणला आणि अपुऱ्या ऑर्डरी १० टक्क्यांवर आल्या, तर तपासणीचा थांबा अडीच दिवसांवर येतो. वर्क ऑर्डरी रोज काढल्या, तर तेथला थांबा अर्ध्या दिवसाचा होतो. पाच दिवस वाचले, २१ चे १६ झाले.

येथेच बहुतेक प्रकल्प फसतात. १६ दिवसांसाठी आत १९२ ऑर्डरीच असायला हव्यात, आणि आज २५२ आहेत. दररोज १२ येत आणि १२ जात राहिल्या, तर ६० ऑर्डरी कार्यालयातून उठून लेथपुढे जाऊन बसतील, एकूण दिवस मात्र तेवढेच राहतील. ढीग केवळ जागा बदलतो. तो एकदाच उपसून काढावा लागतो. दिवसाला दोन नग जादा काढले, तर त्याला ३० कामाचे दिवस लागतात, आणि त्या काळातील ओव्हरटाइम सुधारणेच्या खर्चात धरावा लागतो. त्यानंतर शॉप फ्लोअरवर एका वेळी किती वर्क ऑर्डरी असाव्यात याची मर्यादा बांधली नाही, तर रोज वर्क ऑर्डर काढण्याची सोय ढीग पुन्हा वाढवण्याच्या कामी येते.

वाद आणि मर्यादा : ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहण्याचे दिवस धरावेत की नाही, यावर मतभेद आहेत. विक्री विभाग ते वगळू पाहतो, कारण ‘तो वेळ आपला नाही’. ते धरणेच योग्य दिसते : प्रश्न मुळात फॉर्म अपुरा असल्यामुळे विचारावा लागला, आणि ग्राहक आपले दिवस पीओपासूनच मोजतो. बॅरल आणि रॉड वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी तयार होत असतील, तर वेळरेषेत फक्त लांबची वाट धरावी. दोन्ही मिळवल्यास एकूण आकडा फुगतो. ऑर्डरगणिक वाट बदलणाऱ्या दुरुस्ती-कारखान्यांत हा नकाशा लवकर निरुपयोगी होतो. तेथे ऑर्डरींच्या तारखांचे विश्लेषण अधिक उपयोगी पडते.

प्रत्यक्ष काम भागिले एकूण वेळ हे गुणोत्तर, वरील उदाहरणात सुमारे २.३ टक्के, अहवालांत ठळक छापले जाते. दोन कारखान्यांची तुलना करण्यासाठी ते वापरू नये. काम संथपणे केले तरी ते सुधारते.