सक्ती, शिफारस आणि शक्यता (सूचनालेखन)

सुरक्षाविषयक सूचना, नियमावली किंवा धोरणाचा मजकूर नव्याने लिहिताना मूळ विधानातील खात्री आणि सक्ती यांचे प्रमाण ढळू न देता क्रियापदे निवडण्याची पद्धत. इंग्रजीत ही निवड मुख्यतः ‘मे’, ‘शुड’ आणि ‘मस्ट’ या तीन सहायक क्रियापदांत होते. मराठीत त्यांच्या जागी ‘-ता येईल’, ‘-ऊ शकते’, ‘-आवे’, ‘पाहिजे’, ‘लागेल’, ‘बंधनकारक आहे’ असा बराच मोठा परिवार वावरतो. या निवडीत दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. धोका घडण्याची खात्री किती, हा पहिला आणि वाचणाऱ्यावर बंधन किती, हा दुसरा. पुनर्लेखनातील बहुतेक चुका पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावल्याने होतात.

कायद्यातील स्थिती. विधिमंडळांच्या भाषेत ‘मे’ म्हणजे मुभा आणि ‘शॅल’ म्हणजे सक्ती असा सर्वसाधारण समज असला, तरी न्यायालयांनी तो शब्दशः पाळलेला नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात संविधानाच्या अनुच्छेद ३२० मधील ‘शॅल’ हा शब्द निदेशात्मक, म्हणजे सक्तीचा नसलेला, ठरवला. लोकसेवा आयोगाशी विचारविनिमय झाला नाही एवढ्याने सरकारची कारवाई रद्द होत नाही, असा त्याचा अर्थ. पुढे १९६३ मध्ये त्याच राज्यातील दुसऱ्या प्रकरणात उलटे घडले. राजपत्रित सेवकाने स्वतः मागणी केल्यास राज्यपाल त्याचे प्रकरण न्यायाधिकरणाकडे ‘पाठवू शकतील’ अशा आशयाच्या नियमातील ‘मे’ न्यायालयाने बंधनकारक मानला, कारण तो मुभादर्शक धरला असता तर सेवकाला दिलेला हक्कच पोकळ ठरला असता. शब्दापेक्षा हेतू पाहावा हे न्यायालयाचे धोरण निवाड्यासाठी योग्यच आहे. मात्र भिंतीवरची सूचना वाचणाऱ्याला हेतू शोधायला सवड नसते. त्यामुळे सूचनालेखकाला या निवाड्यांचा आधार घेऊन सैल लिहिता येत नाही.

मानकांतील व्याख्या. शब्दांचे अर्थ आधीच ठरवून देण्याची शिस्त तांत्रिक मानकांत अधिक काटेकोर आहे. इंटरनेटच्या मानकांत १९८९ च्या आरएफसी ११२२ या दस्तऐवजात ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या तिन्ही शब्दांच्या व्याख्या आढळतात. मार्च १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांच्या आरएफसी २११९ ने त्या स्वतंत्रपणे नोंदवल्या. यातील ‘शुड’ची व्याख्या विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. एखाद्या परिस्थितीत ती गोष्ट न करण्यास सबळ कारण असू शकते, परंतु वेगळा मार्ग धरण्यापूर्वी त्याचे सर्व परिणाम समजून घेऊन तोलले पाहिजेत, असा तिचा आशय आहे. म्हणजे ‘शुड’ हा ‘जमल्यास करा’ या अर्थाचा सौम्य शब्द नव्हे. न करणाऱ्याकडे कारण हवे, एवढी जबाबदारी तो टाकतो. सक्तीचे शब्द जपून वापरावेत, परस्परसुसंगतीसाठी किंवा अपाय टाळण्यासाठी जिथे खरोखर गरज आहे तिथेच वापरावेत, असेही त्यात बजावले आहे. हे शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत छापले असतील तरच त्यांना हा पारिभाषिक अर्थ लागू होतो, हा खुलासा २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ ने केला. तोवर त्यावर बराच घोळ चालला होता.

आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थांच्या लेखननियमांत मांडणी थोडी निराळी आहे. तिथे मानकाच्या स्वतःच्या अटीसाठी ‘शॅल’, शिफारशीसाठी ‘शुड’, परवानगीसाठी ‘मे’ आणि शक्यतेसाठी ‘कॅन’ असे शब्द नेमून दिले आहेत. ‘मस्ट’ बाहेरून आलेल्या बंधनासाठी, उदाहरणार्थ एखाद्या देशाच्या कायद्यासाठी, राखून ठेवलेला आहे. उलट अमेरिकी शासनाच्या सुगम लेखनाच्या मार्गदर्शिकेत ‘शॅल’ टाळून ‘मस्ट’ वापरण्याचा सल्ला दिला जातो. दोन्ही परंपरा आपापल्या जागी सुसंगत आहेत. एकीतला मजकूर दुसरीत नेताना सरसकट शब्द बदलले, तर संस्थेने स्वतः घातलेली अट वाचकाला कायद्याची वाटू लागते.

मराठी रूपे. मराठीत या कामाचा मुख्य भार ‘-आवा, -आवी, -आवे’ या विध्यर्थी रूपांवर पडतो. ही रूपे संस्कृतातील ‘-तव्य’ या प्रत्ययापासून आली असे सामान्यतः मानले जाते (कर्तव्य, करावे). मूळ प्रत्ययात कर्तव्याचा भाव ठळक होता. मराठीत मात्र त्याचा विस्तार इच्छा, योग्यता, शक्यता आणि तर्क इतक्या अर्थांत झाला. ‘मुलांनी रांगेत उभे राहावे’ यात कर्तव्य आहे, ‘पाऊस पडावा’ यात इच्छा आहे आणि ‘तो घरी पोहोचला असावा’ यात केवळ अंदाज आहे.

‘पाहिजे’ची व्युत्पत्ती अधिक गुंतागुंतीची आहे. हे ‘पाहणे’ या धातूचे जुने ‘-इजे’ प्रत्ययान्त कर्मणी रूप असून त्याचा मूळ अर्थ ‘पाहिले जाते, शोधले जाते’ आणि म्हणून ‘हवे असते’ असा झाला, हे मत प्रचलित आहे. जुन्या मराठीत ‘-इजे’ची रूपे कर्मणी अर्थाबरोबर आज्ञार्थाच्या जवळ जाणाऱ्या अर्थानेही येतात. प्राकृतात कर्मणी ‘-इज्ज-’ आणि विध्यर्थी ‘-एज्ज-’ अशी दोन रूपे होती, ती उच्चाराने जवळ येऊन एकमेकांत मिसळली असावीत, असा तर्क त्यावरून करता येतो. तरीही ‘पाहिजे’पुरती कर्मणी व्युत्पत्तीच अधिक सरळ दिसते. आजच्या वापरात ‘-आवे’ शिफारशीकडे आणि ‘-लाच पाहिजे’ सक्तीकडे झुकते. मात्र शासकीय परिपत्रकांत ‘कार्यवाही करावी’ हे वाक्य सक्तीचेच असते आणि तसेच वाचले जाते. हा अपवाद नोकरशाहीबाहेरच्या वाचकाला ठाऊक असेलच असे नाही.

खात्रीचे प्रमाण: सिगारेटवरील इशारा. एकच विधान पुराव्यानुसार कसे बदलत गेले, याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण अमेरिकेतील सिगारेटच्या पाकिटांवर सापडते. जानेवारी १९६४ मध्ये तेथील सर्जन जनरलच्या समितीने पुरुषांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाशी सिगारेटचा कार्यकारणसंबंध असल्याचा निष्कर्ष दिला. स्त्रियांबाबतची माहिती तुलनेने कमी होती. तीही त्याच दिशेने बोट दाखवते, एवढेच समितीने म्हटले. व्यापार आयोगाने त्याच वर्षी सुचवलेल्या मसुद्यात ‘सिगारेट ओढणे आरोग्याला धोकादायक आहे’ असे ठाम वाक्य होते आणि पुढे ‘कर्करोग व इतर रोगांनी मृत्यू येऊ शकतो’ अशी जोड होती. एकूण लोकांबाबत ठाम आणि एका माणसाबाबत शक्यतादर्शक, अशी ही विभागणी पुराव्याला धरून होती. काँग्रेसने १९६५ च्या कायद्याने मात्र ‘धोकादायक असू शकते’ एवढाच इशारा मंजूर केला आणि १९६६ पासून तो पाकिटांवर आला. जिथे पुरावा ठाम होता तिथेच ‘मे’ घातला गेला. १९७० मध्ये ‘धोकादायक आहे’ हे शब्द आले. १९८४ च्या कायद्यातील एका इशाऱ्यात फुप्फुसाच्या कर्करोगासाठी ‘होतो’ आणि गरोदरपणातील गुंतागुंतीसाठी ‘होऊ शकते’ अशी दोन्ही रूपे एकाच वाक्यात आहेत. भारतात १९७५ च्या कायद्याने आणलेला ‘आरोग्यास हानिकारक’ हा वैधानिक इशारा पहिल्यापासून ठाम रूपात होता.

सक्तीचे प्रमाण: गॅसगळतीची सूचना. गृहनिर्माण संस्थांच्या फलकांवर साधारण अशा धर्तीची सूचना दिसते: ‘गॅसगळती झाल्यास स्फोट होतो. विजेची बटणे चालू-बंद करू नयेत. खिडक्या उघडाव्यात. नळी पाच वर्षांनी बदलावी.’ तिचे पुनर्लेखन करताना प्रत्येक वाक्य वेगळे तपासावे लागते.

पहिले वाक्य खात्री वाढवून सांगते. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण २ ते ९ टक्के या मर्यादेत मिसळला आणि ठिणगी मिळाली तरच पेटतो. त्यात घातलेला उग्र वास या मर्यादेच्या बराच खाली, सुमारे एक-पंचमांश पातळीलाच, नाकाला कळावा अशी योजना असते. म्हणजे वास आला की गळती आहे हे खरे, पण हवा पेटण्याजोगी झालीच असे नव्हे. इथे ‘स्फोट होऊ शकतो’ हेच अचूक. वास येऊनही काही झाले नाही असा अनुभव आलेला रहिवासी ‘होतो’ या शब्दावर दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या वाक्यात नेमकी उलटी दुरुस्ती हवी. हवा पेटण्याच्या पातळीला पोहोचली की नाही हे नाकाने मोजता येत नाही. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो आणि उभ्या माणसाच्या तोंडाशी असलेल्या वासावरून खालचे प्रमाण कळत नाही. बटणाला हात न लावणे मात्र फुकट जमते. म्हणून धोका ‘होऊ शकतो’ एवढाच असला, तरी सूचना ‘कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका’ अशी बिनशर्त हवी. पहिले वाक्य सौम्य केले म्हणून दुसरेही सौम्य करून ‘शक्यतो बटणे वापरू नयेत’ असे लिहिणारे संपादक आढळतात. ही या प्रकारातील सर्वांत घातक चूक. दिवा चालू असेल तर तो बंद करणे म्हणजे खबरदारी, असे अनेकांना वाटते. त्यामुळे ‘किंवा बंद’ हे शब्द गाळता येत नाहीत.

खिडक्यांचे वाक्य ‘रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ या मदतक्रमांकावर कळवा’ असे थेट आज्ञार्थात जाते. नळीचे वाक्य खरोखर निराळ्या वर्गातले आहे. पाच वर्षांची मुदत ही नळीच्या आयुष्याची वरची मर्यादा आहे. संस्थेला घरात शिरून ती तपासण्याचा अधिकार बहुधा नसतो. ‘बदलणे बंधनकारक आहे’ असे संस्थेने लिहिल्यास बंधन कोणाचे, हा प्रश्न उरतो. त्याऐवजी ‘नळी पाच वर्षांच्या आत बदलावी, तिला चीर दिसल्यास मुदतीची वाट न पाहता लगेच बदला’ असे लिहिले, तर शिफारस आणि तातडीची कृती आपापल्या जागी राहतात.

नकारार्थी रूपे. इंग्रजीत ‘मे नॉट’चा अर्थ ‘परवानगी नाही’ आणि ‘कदाचित होणार नाही’ असा दुहेरी होतो. मराठीत हे दोन अर्थ ‘-ता येणार नाही’ आणि ‘कदाचित -णार नाही’ असे वेगळे पडतात. मराठीतील अडचण ‘नको’ची आहे. ‘मुखपट्टी काढायला नको’ याचा अर्थ काढण्यास मनाई असा होतो, तसाच काढण्याची गरज नाही असाही होतो. मनाईसाठी ‘काढू नका’ आणि गरज नसल्यास ‘काढलीच पाहिजे असे नाही’ किंवा ‘काढावी लागत नाही’ ही रूपे वापरली जातात.