ओव्हरलोड रिले आणि कोरडी मोटार

"स्टार्टरला ओव्हरलोड रिले आहे. पाणी संपलं तर मोटार आपोआप ट्रिप होईलच की!"

नाही होणार. रिले जादा करंटवर पडतो आणि कोरड्या पंपाचा करंट उलट उतरतो. समजा, निफाडकडच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटार पाण्यावर 8 अँपिअर घेते. पाणी तुटलं की काटा 5 वर येतो, रिलेला सगळं आलबेल वाटतं. त्यात थ्री फेजची रात्रपाळी, ऑटो स्विच चालू आणि आपण घरी झोपलेले! सकाळी सील जळालेलं.

कमी करंटवर तोडणारा ड्राय रन प्रिव्हेंटर लावा, इथे साधारण 6.5 वर. फेज गेल्यास मात्र करंट वाढतो, रिले पडतोही, पण उशिरा. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर वेगळा हवा.